हिशेबासकट आभार

लोकांच्या पैशांतून केलेला अ‍ॅनिमेशन लघुपट पूर्ण झाला, की तरुण दिग्दर्शकापुढे एक शेवटचे काम उरते. ज्यांनी पैसे दिले आणि ज्यांनी एक पैसाही न घेता काम करून दिले, त्यांना आभाराचे पत्र लिहायचे असते. तोवर तो थकलेला असतो, महोत्सवांचे अर्ज भरायचे असतात, पुढच्या कामाची चिंता असते. मग ‘तुमच्याशिवाय हे शक्य नव्हते’ अशा चार ओळी लिहून पत्र धाडले जाते. वाचणाऱ्याला क्षणभर बरे वाटते, पण आपल्या पैशांतून नेमके काय झाले आणि आपण केलेले काम पडद्यावर कुठे दिसते, हे त्याला कळत नाही. गणेशोत्सव संपल्यावर मंडळाच्या फलकावर जमाखर्च लागतो आणि वर्गणी देणारा जाता-जाता तो वाचून जातो. लघुपटाच्या आभारपत्रातही तसा जमाखर्च असावा, असे मला ठामपणे वाटते. तो कसा असतो हे पाहायला ‘सिंटेल’ या चित्रपटाइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

‘सिंटेल’ 2010 साली पूर्ण झाला. ॲमस्टरडॅममधल्या ब्लेंडर इन्स्टिट्यूटने तो केला. दिग्दर्शक होता कॉलिन लेव्ही, विशीतला अमेरिकन तरुण. निर्माता टॉन रोझेनडाल, पटकथा एस्थर वाउडा यांची, संगीत यान मॉर्गनस्टर्नचे आणि चित्रसंकल्पना डेव्हिड रेव्हॉय या फ्रेंच चित्रकाराची. सिंटेल हे नायिकेचे नाव. तिला जखमी अवस्थेत एक ड्रॅगनचे पिल्लू सापडते, ती त्याला वाढवते, एके दिवशी ते तिच्यापासून हिरावले जाते आणि ती त्याच्या शोधात निघते. शेवट इथे सांगत नाही, कारण चित्रपट कुणालाही फुकट पाहता येतो आणि तो शेवट पाहण्यासारखा आहे. श्रेयनामावली धरून लांबी 14 मिनिटे 48 सेकंद. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरी भरणाऱ्या डच चित्रपट महोत्सवात 27 सप्टेंबर 2010 रोजी तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि तीनच दिवसांनी इंटरनेटवर सर्वांसाठी खुला झाला.

या चित्रपटाला सुमारे चार लाख युरो खर्च आला. थोडा पैसा अनुदानातून आणि प्रायोजकांकडून आला, पण पायाभरणी केली ती सामान्य ग्राहकांनी. चित्रपट निघायच्या आधीच त्याची डीव्हीडी विकायला ठेवली होती. म्हणजे लोकांनी जी वस्तू अजून जन्मालाच आली नव्हती तिचे पैसे आगाऊ भरले, आणि तेही चित्रपट नंतर सगळ्यांना फुकट मिळणार हे ठाऊक असताना. हा व्यवहार वरवर वेडेपणाचा वाटतो. मग हे लोक विकत काय घेत होते?

त्यासाठी थोडे मागे जावे लागते. ब्लेंडर हे अ‍ॅनिमेशन करण्याचे सॉफ्टवेअर. ते विकणारी कंपनी 2002 मध्ये बंद पडली आणि सॉफ्टवेअर अडकून पडले. तेव्हा रोझेनडाल यांनी गुंतवणूकदारांशी बोलणी करून एक किंमत ठरवून घेतली: एक लाख युरो द्या आणि हे सॉफ्टवेअर कायमचे सर्वांसाठी मोकळे करा. ती रक्कम जगभरातल्या वापरकर्त्यांनी सात आठवड्यांत उभी केली आणि 13 ऑक्टोबर 2002 रोजी ब्लेंडर मुक्त झाले. आज पुण्यातला विद्यार्थी आपल्या लॅपटॉपवर ते फुकट उतरवून घेतो, त्यामागे हे पैसे आहेत. ज्यांनी तेव्हा पैसे दिले त्यांनी पाहिले, की शब्द दिला होता तो पाळला गेला. पुढे 2006 मध्ये ‘एलिफंट्स ड्रीम’ आणि 2008 मध्ये ‘बिग बक बनी’ हे दोन लघुपट याच पद्धतीने झाले आणि तिसऱ्या खेपेला ‘सिंटेल’ आला. त्यामुळे आगाऊ पैसे भरणाऱ्याला माहीत होते, की आपण चित्रपटाबरोबर सॉफ्टवेअरची वाढही विकत घेतो आहोत. चित्रपट करताना कलाकारांना जे जे अडते, ते दुरुस्त करायला प्रोग्रॅमर शेजारच्याच टेबलावर बसलेले असतात. ‘सिंटेल’च्या वेळी ब्लेंडरची 2.5 ही मोठ्या प्रमाणावर नव्याने लिहिलेली आवृत्ती घडत होती. तिचे कितीतरी दोष या चित्रपटाने उघडे पाडले आणि दूर करून घेतले.

दुसरी गोष्ट डीव्हीडीच्या संचात होती. त्यात चित्रपटाबरोबर तो ज्या फायलींतून घडला त्या मूळ फायलीही होत्या: पात्रांची मॉडेल्स, त्यांचे सांगाडे, प्रकाशयोजना, दृश्यांची मांडणी, सगळे. ज्याला शिकायचे आहे त्याला नायिकेच्या केसांची फाईल उघडून प्रत्येक बट कशी बसवली आहे हे पाहता येत होते. आणि तिसरी गोष्ट नावाची. या चित्रपटांची रीतच अशी होती, की ठरावीक तारखेच्या आत पैसे भरणाऱ्याचे नाव श्रेयनामावलीत जाईल. माझ्या दृष्टीने हेच त्या चित्रपटाचे खरे आभारपत्र. ते चित्रपटाच्या अंगातच शिवलेले आहे, त्यामुळे हरवत नाही. जिथे चित्रपट जाईल तिथे ते जाते.

नावाची ही कल्पना आपल्याकडेही होती, आणि तिच्यात एक मराठी माणूस सामील होता, म्हणून सांगतो. श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’साठी 1976 साली गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी दर माणशी दोन रुपये दिले. पटकथेत विजय तेंडुलकरांचा हात होता. चित्रपटाच्या सुरुवातीला पडद्यावर जी ओळ येते तिचा आशय असा, की हा चित्रपट गुजरातचे पाच लाख शेतकरी सादर करत आहेत. पाच लाख नावे कुणी छापू शकत नाही, पण त्या एका ओळीत ते निर्माते ठरले. ‘आभार’ हा शब्दही वापरावा लागला नाही.

स्वयंसेवकांची गोष्ट पैसे देणाऱ्यांपेक्षा अवघड. ॲमस्टरडॅमच्या कार्यालयात बसणारी मुख्य मंडळी पंधराच्या आतबाहेर होती आणि त्यांना मानधन होते. पण चित्रपटात इश्तार नावाचे एक नगर आहे. त्याच्या गल्ल्या, बाजार, घरे भरायची तर टोपल्या, रांजण, गाडे, कंदील, लाकडी फळ्या अशा असंख्य वस्तू लागतात. प्रत्येक वस्तू संगणकात कुणीतरी घडवावी लागते, कारण अ‍ॅनिमेशनमध्ये भाड्याने सामान आणता येत नाही. अशा वस्तूंसाठी इंटरनेटवरून मदत मागितली गेली आणि ठिकठिकाणच्या लोकांनी घरी बसून त्या करून पाठवल्या.

अशा कामात काय बिघडते हे ज्याने एकदा तरी दुसऱ्याची फाईल उघडली आहे त्याला माहीत असते. एखाद्याने हौसेने रांजणावर इतकी बारीक नक्षी कोरलेली असते, की मागे कोपऱ्यात ठेवायचा तो रांजणच संगणकाची सगळी स्मृती खाऊन टाकतो. कुणाची टोपली घराएवढी मोठी येते, कारण त्याने मोजमापाचे एकक वेगळे धरलेले असते. कुणी मॉडेल पाठवतो पण त्यावर चढवायचे चित्र पाठवायला विसरतो. मग ब्लेंडरमध्ये ती वस्तू भडक गुलाबी-जांभळी दिसते आणि पाहताक्षणी कळते, की चित्राची फाईल सोबत आलेली नाही. हे सगळे दुरुस्त होते, मात्र वेळ जातो, आणि तो वेळ मानधनावर असलेल्या माणसाचा असतो.

एक बिघाड मात्र डोळ्यांना दिसत नाही आणि तोच सर्वांत घातक असतो. रांजणावरचे मातीचे पोत स्वयंसेवकाने स्वतः काढले, की इंटरनेटवरून कुठून तरी उचलले? ‘सिंटेल’ ज्या परवान्याखाली खुला केला आहे त्यानुसार तो कुणीही दाखवावा, कापावा, जोडावा, त्यातून पैसेही कमवावेत, फक्त श्रेय द्यावे. असा परवाना देण्याचा अधिकार चित्रपटातल्या प्रत्येक तुकड्यावर तुमचा हक्क असेल तरच तुम्हाला असतो. एका रांजणावरचे उसने पोत सगळ्या चित्रपटाचा परवाना खोटा पाडू शकते. म्हणून स्वयंसेवकांची यादी दोन कामे करते. तिच्यात कुणाचे काय हे लिहिलेले असते, आणि ते त्याने स्वतः केले असून वापरायला दिले आहे, याचीही नोंद असते. जो दिग्दर्शक पहिल्या दिवसापासून ही वही ठेवतो, त्याचे आभारपत्र शेवटी जवळजवळ आपोआप लिहून होते. ज्याने ठेवली नाही तो शेवटी जुने निरोप धुंडाळत बसतो आणि हमखास कुणाचे तरी नाव राहून जाते.

आता असे पत्र लिहायचे कसे? समजा, नाशिकच्या एका मुलीने सहा मिनिटांचा लघुपट केला. तीनशे लोकांनी मिळून सहा लाख रुपये दिले आणि वीस जणांनी विनामोबदला काम केले. पैसे गोळा करणाऱ्या संकेतस्थळाने आणि रक्कम पोचवणाऱ्याने मिळून आठ टक्के कापले असे धरू, म्हणजे 48,000 रुपये गेले. प्रत्येक देणगीदाराला पोस्टर देण्याचे तिने कबूल केले होते. छपाई, नळकांडे आणि कुरिअर मिळून एका पोस्टरला दोनशे रुपये धरले तर 60,000 झाले. हाती उरले 4,92,000. देणाऱ्याच्या मनात मात्र सहा लाख चित्रपटात गेले असेच असते. पत्रात हे चार आकडे लिहिले, तर कुणी रागावत नाही. उलट पुढच्या वेळी ‘मला पोस्टर नको, पैसे चित्रपटालाच लावा’ असे सांगणारे निघतात. उरलेल्या रकमेतून संगीतकाराला किती, ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओला किती, दोन अ‍ॅनिमेटरांना किती महिने किती दिले, हेही तिने लिहावे. इथेच एक सावधगिरी हवी. ‘देणगी’ शब्द आला, की लोक आयकर सवलतीची पावती मागतात. ती सवलत त्यासाठी नोंद झालेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवरच मिळते, एखाद्या दिग्दर्शिकेच्या खात्यात भरलेल्या पैशांवर नाही. पत्रात ते एका वाक्यात स्पष्ट केलेले बरे.

मग स्वयंसेवक. सहा मिनिटे म्हणजे 360 सेकंद, आणि चित्रपटात सेकंदाला 24 चित्रे, म्हणजे 8,640 चित्रे. चांगल्या दर्जाचे काम असेल तर अ‍ॅनिमेटर आठवड्याला चार-पाच सेकंदच पुरी करतो. हे पत्रात सांगितले, की ज्याने आजीच्या चालण्याची अकरा सेकंदे केली त्याच्या कामाचे माप वाचणाऱ्याला आपोआप कळते: ते जवळजवळ अडीच आठवड्यांचे काम आहे. ‘अ‍ॅनिमेशन सहाय्य’ असे पद लिहून ते कळत नाही. आजी विहिरीकडे जाते ती अकरा सेकंदे अमुक व्यक्तीची, असे लिहिले, की त्या व्यक्तीच्या घरचे लोक चित्रपट तिथे थांबवून पाहतात.

ज्यांचे काम चित्रपटात आले नाही त्यांचे काय? हा भाग बहुतेक पत्रांत गाळलेला असतो आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. संकलनात दृश्य कापले जाते आणि त्यासोबत कुणाची महिनाभराची मेहनतही जाते. काही मॉडेल्स शैलीत बसत नाहीत. अशा माणसाला चित्रपट पाहतानाच ते कळणे फार लागते. त्याला आधी वेगळे लिहावे, कारण सांगावे, नाव श्रेयनामावलीत ठेवावे आणि त्याचे काम त्याला स्वतःच्या कामांच्या संग्रहात दाखवायची मोकळीक द्यावी. कार्यक्रमाला बोलवून सत्कार करण्यापेक्षा हे मोलाचे आहे.

शेवटच्या टप्प्यात लागलेल्या मदतीची पत्रात नोंद राहून जाते, कारण ती दिसत नाही. अ‍ॅनिमेशन पूर्ण झाले तरी संगणकाला प्रत्येक चित्रातला प्रकाश, सावली, केस, धूर यांचे गणित करून ते अंतिम स्वरूपात काढावे लागते. ‘सिंटेल’मध्ये अशी 21,312 चित्रे आहेत आणि ती 4के आकारात काढलेली आहेत. एका चित्राला सरासरी दोन तास लागतात असे नुसते धरून पाहा: एकट्या संगणकाला 42,624 तास, म्हणजे पावणेपाच वर्षांहून अधिक काळ लागेल. शंभर संगणक मिळाले तर अठरा दिवसांत काम होते. म्हणून कुणी रात्री कार्यालयातले संगणक वापरू दिले, कुणी आपला सर्व्हर दिला, तर त्यांचे नाव संगीतकाराच्या नावाइतकेच ठळक हवे. उपशीर्षकांचे भाषांतर करणारेही असेच. ‘सिंटेल’ला अनेक भाषांतली उपशीर्षके मिळाली ती स्वयंसेवकांमुळे, आणि ती चित्रपट प्रकाशित झाल्यानंतर येत राहिली. म्हणजे आभाराची यादी प्रकाशनाच्या दिवशी बंद करून चालत नाही.

चित्रपट खुला केल्यावर पुढे काय झाले, हेही देणाऱ्यांना कळवण्यासारखे असते. ‘सिंटेल’च्या बाबतीत जे झाले त्याची कल्पना आगाऊ डीव्हीडी घेणाऱ्या कुणाला असेल असे वाटत नाही. व्हिडिओतली प्रत्येक वस्तू एका चित्रातून पुढच्या चित्रात नेमकी किती सरकली हे संगणकाने ओळखावे, यावर जर्मनीतल्या ट्यूबिंगनच्या माक्स प्लांक संस्थेतले संशोधक आणि त्यांचे सहकारी काम करत होते. गाडी चालवणाऱ्या यंत्रापासून व्हिडिओ संकलनापर्यंत याचा उपयोग होतो. अडचण अशी, की संगणकाचे उत्तर बरोबर आहे का हे तपासायचे कसे? खऱ्या चित्रणात झाडाचे प्रत्येक पान किती सरकले हे कुणालाच नेमके मोजता येत नाही. पण अ‍ॅनिमेशनमध्ये प्रत्येक बिंदूची जागा संगणकानेच ठरवलेली असते, त्यामुळे खरे उत्तर आधीच हातात असते. ‘सिंटेल’च्या मूळ फायली खुल्या होत्या, म्हणून संशोधकांनी त्यातली दृश्ये उघडली, आपल्याला हवी तशी पुन्हा काढली आणि 2012 मध्ये त्यांचा एक संच तपासणीसाठी जगाला दिला. तो या विषयातला एक प्रमाणित मापदंड झाला. नुसता तयार चित्रपट दिला असता, फायली दिल्या नसत्या, तर हे घडले नसते. याचे श्रेय पैसे भरणाऱ्यांना जाते आणि ते त्यांना कळवायला हवे.

खुलेपणाचा एक त्रासही झाला. 2014 साली यूट्यूबवर ‘सिंटेल’ काही काळ बंद पडला, कारण एका मोठ्या स्टुडिओच्या नावाने आपोआप चालणाऱ्या यंत्रणेने त्यावर हक्क सांगितला होता. चित्रपट लवकरच परत आला. पण कुणाच्या पैशांतून, कुणी, कोणत्या परवान्याखाली केले याची जाहीर, लेखी नोंद असली तरच असा दावा पटकन खोडता येतो. श्रेयनामावली तिथे पुराव्याचे काम करते.

जो कुणी ‘सिंटेल’चा तुकडा आपल्या कामात वापरतो त्याने पुढची ओळ द्यायची असते:

```
© copyright Blender Foundation | durian.blender.org
```

ड्युरियन हे या चित्रपटाच्या निर्मितीकाळातले टोपणनाव. म्हणजे दिग्दर्शकाने देणाऱ्यांचे श्रेय चित्रपटात लिहिले आणि पुढच्या वापरणाऱ्याने चित्रपटाचे श्रेय लिहायचे, अशी ही साखळी आहे. ती कायद्यानेही बांधलेली आहे, हे मला विशेष आवडते.

आपल्याकडे अ‍ॅनिमेशन शिकणारी मुले आता लोकांकडून पैसे मागून लघुपट करू लागली आहेत आणि तुमच्यापैकी अनेकांना असा निरोप कधीतरी आला असेल. जमेल तेवढे जरूर द्या. देण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: चित्रपट पूर्ण झाल्यावर तो कुठे आणि कोणत्या परवान्याखाली पाहायला मिळेल, खर्चाचा तपशील कधी कळवाल, आणि मूळ फायलींचे काय करणार आहात. आणि चित्रपट तयार होऊनही पत्र आले नाही तर संकोच न करता मागा. तो हिशेब मागण्याचा तुमचा हक्क आहे.